कार्यकारी व मंत्रणा अभिकरणे : नाशिकच्या पाटबंधारे खात्यातील विकास

शासकीय खात्यातील ज्या घटकांकडे खात्याचे मूळ काम प्रत्यक्ष पार पाडण्याची जबाबदारी असते व त्यासाठी आज्ञा देण्याचा आणि खर्च करण्याचा अधिकार असतो, त्यांस कार्यकारी (लाइन) अभिकरणे म्हणतात. जे घटक या कामासाठी अभ्यास, संकल्पन, चाचणी, तपासणी वा सल्ला पुरवितात, पण ज्यांना स्वतः काम करवून घ्यावयाचे नसते, ती मंत्रणा (स्टाफ) अभिकरणे होत. व्याख्येत हा भेद स्वच्छ दिसतो. व्यवहारात तो तसा राहत नाही. आज्ञा कोठे संपते व सल्ला कोठे सुरू होतो, हे खात्याच्या इतिहासावर आणि पुष्कळदा एखाद्या दुर्घटनेवर ठरते. महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण नाशिक येथे पाहावयास मिळते. राज्याच्या पाटबंधारे खात्याची (२००४ पासून जलसंपदा विभाग) उत्तर महाराष्ट्राची कार्यकारी यंत्रणा आणि संपूर्ण राज्यासाठी काम करणाऱ्या त्याच खात्याच्या प्रमुख मंत्रणा संस्था या एकाच शहरात आहेत.

लाइन व स्टाफ या संज्ञा लष्करातून आल्या. १८०६ मध्ये येना येथे झालेल्या पराभवानंतर प्रशियाने आपल्या सैन्याची पुनर्रचना केली व तीतून प्रशियन जनरल स्टाफ आकारास आला. सेनापतीने लढावयाचे आणि नकाशे, रसद व मोहिमेचा आराखडा यांचा विचार वेगळ्या अधिकाऱ्यांनी आधीच करून ठेवावयाचा, ही त्यामागील कल्पना. मुलकी प्रशासनात हा विचार ब्रिटनमधील हॉल्डेन समितीने १९१८ च्या अहवालात मांडला. कृतीपूर्वी चौकशी व चिंतन यांची स्वतंत्र सोय प्रत्येक खात्यात असावी, असे तिचे प्रतिपादन होते. महाराष्ट्राला मात्र अशी विभागणी सर्वस्वी अपरिचित नव्हती. पेशवाईत मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस इ. दरखदार काम करीत. हुकूम मामलेदाराचा, परंतु दरखदारांना कामावरून दूर करण्याचा अधिकार त्यास नव्हता. त्यांचे काम हिशेब व दफ्तर यांचे, म्हणजे आजच्या परिभाषेत साहाय्यकारी स्वरूपाचे होते; तरीही त्यांच्यामुळे मामलेदारावर आपोआप वचक राहत असे. सल्ला देणारा वा नोंद ठेवणारा अधिकारी आज्ञा देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असावा की नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. नाशिकच्या संस्थांचा विचार करताना तो पुन्हा पुन्हा समोर येतो.

ब्रिटिश अमदानीतील सार्वजनिक बांधकाम खात्यात मंत्रणा असे वेगळे अंग जवळजवळ नव्हते. कार्यकारी अभियंता हाच खात्याचा कणा असे. सर्वेक्षण, संकल्पचित्र, अंदाजपत्रक, बांधकाम व पुढे देखभाल ही सर्व कामे त्याच्या विभागाकडे असत. अधीक्षक व मुख्य अभियंता मंजुरी देत. नाशिक जिल्ह्यातील गोदावरीवरील नांदूर मधमेश्वरचा बंधारा, गिरणेवरील चणकापूर धरण व १९१६ च्या सुमारास पूर्ण झालेले दारणा धरण ही या काळातील कामे होत. ज्याने चित्र काढले त्यानेच बांधावयाचे, यात जबाबदारी कोणाची हा प्रश्न उद्भवत नसे, हा या पद्धतीचा गुण. पण एका विभागाचा अनुभव दुसऱ्यास मिळत नसे आणि संकल्पनातील चूक दाखविणारे दुसरे कोणी नसे. दख्खनच्या कालव्यांखालील जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या, तेव्हा ही उणीव उघड झाली. एकट्या विभागाला या दुखण्याचे निदान करता येईना. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक लहानसे विशेष पथक निर्माण केले. सर क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली त्याचा विस्तार झाला व त्यातूनच खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र उभे राहिले. या खात्यातील खरे पहिले मंत्रणा अभिकरण ते हेच म्हणता येईल. तथापि १९३६ मध्ये ते भारत सरकारकडे गेले आणि राज्याजवळ स्वतःचे असे काही उरले नाही.

स्वातंत्र्यानंतर धरणांची कामे इतक्या वेगाने वाढली, की प्रत्येक विभागात संकल्पनाचा जाणकार मिळणे अशक्य झाले. संकल्पचित्रे एका ठिकाणी तयार करणारी मध्यवर्ती संघटना या निकडीतून आली. ती पुढे नाशिकला स्थिरावली. १९५९ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (‘मेरी’) स्थापन झाली. माती, काँक्रीट व इतर साहित्याच्या चाचण्या, सांडव्यांच्या प्रतिकृतींवरील प्रयोग, धरणात बसविलेल्या उपकरणांची निरीक्षणे आणि कोयना परिसरातील भूकंपमापन ही तिची कामे. अभियंत्यांच्या प्रशिक्षणाची संस्थाही (आजची ‘मेटा’) येथेच आली. पुढे या सर्वांवर महासंचालकाचे पद निर्माण झाले. संकल्पचित्र, प्रशिक्षण, जलविज्ञान, संशोधन व सुरक्षितता असा त्याच्या पदनामाचा विस्तार आहे. मंत्रणा म्हणून खात्याला जे काही लागते, त्याची ती जणू सूचीच होय.

दुसऱ्या बाजूस कार्यकारी साखळी आहे. मुख्य अभियंत्याचा प्रदेश, अधीक्षक अभियंत्याचे मंडळ, कार्यकारी अभियंत्याचा विभाग, उपअभियंत्याचा उपविभाग आणि तळाशी शाखा अभियंत्याची शाखा, अशी ती उतरत जाते. निविदा, ठेकेदाराशी करार, मोजमाप पुस्तकातील नोंदी, देयके, भूसंपादन, कालव्याचे आवर्तन, पावसाळ्यात दरवाजे उघडणे हे सर्व या साखळीत चालते. गंगापूर धरणातून किती पाणी सोडावयाचे हे तीच ठरविते. गोदाकाठी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की नाशिककर जाब विचारतात, तो याच साखळीला. पाऊस व येव्याची आकडेवारी पुरविणाऱ्या जलविज्ञान शाखेचे नाव त्या वेळी कोणाच्या तोंडी येत नाही.

दोन्ही अंगांतील संबंध कसे चालतात, हे बांधकामातील एका नेहमीच्या प्रसंगावरून स्पष्ट होईल. धरणाच्या जागेचे समपातळी नकाशे, विंधन छिद्रांतून निघालेले खडकांचे नमुने, उपलब्ध माती व वाळू यांचे अहवाल ही माहिती विभाग गोळा करून संकल्पचित्र संघटनेकडे पाठवितो. संघटना पुराचा हिशेब करते, धरणाचा छेद व सांडव्याची रूपरेषा ठरविते आणि चित्रे निर्गमित करते. शास्त्रार्थाने हा सल्ला आहे. पण मोठ्या धरणाच्या बाबतीत या चित्रांत परस्पर बदल करण्याची मुभा विभागास नसते. म्हणजेच मंत्रणा अभिकरणाचा शब्द एका ठराविक बाबतीत आज्ञेइतकाच बंधनकारक होतो. याला काही लेखक कार्यात्मक अधिकार म्हणतात.

आता पायाचे खोदकाम सुरू होते. दख्खनमधील बेसाल्टाच्या दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या, मृदू खडकाचा थर सापडतो. स्थानिक लोक त्याला गेरू म्हणतात. उघडा पडून हवा लागली की तो तडकतो, भिजला की मऊ पडतो. विंधन छिद्रे काही अंतरावर घेतलेली असल्याने दोन छिद्रांच्या मधला असा पट्टा आधी कळलेला नसतो. खोदलेल्या पायात तो दिसताच कार्यकारी अभियंत्यापुढे पेच उभा राहतो. ठेकेदाराची यंत्रे व मजूर उभे आहेत, ती थांबली तर करारान्वये नुकसानभरपाईची मागणी येईल, आणि पावसाळ्यापूर्वी पाया भरून वर आला पाहिजे. थर काढून खोल जावयाचे, तो काही अंतरापर्यंत खरवडून काँक्रीटने भरावयाचा, की छेदच रुंद करावयाचा, हे ठरविणे मात्र संघटनेच्या हाती. ती भूवैज्ञानिकाची पाहणी मागते, नमुने ‘मेरी’कडे पाठविण्यास सांगते. यात जाणारे आठवडे विभागास विलंब वाटतात. संघटनेच्या दृष्टीने तो किमान अभ्यास असतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. एकाला वेळेचा जाब द्यावयाचा असतो, दुसऱ्याला पन्नास वर्षांनंतरच्या पाझराचा. आणि वेळेचा जाब लगेच विचारला जातो.

येथे व्यवहाराने एक तोडगा काढला आहे. संकल्पचित्रकार स्वतः पायावर येऊन पाहणी करतो, जागेवरच टिपण देतो आणि औपचारिक चित्र मागाहून येते. जेथे अशा भेटी नियमित होतात तेथे मतभेद कागदावर फारसे उतरत नाहीत. जेथे त्या होत नाहीत तेथे पत्रव्यवहार वाढतो व त्याची भाषाही बदलते. विभाग ‘आदेश व्हावेत’ असे लिहू लागतो आणि संघटना ‘विभागाने आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा’ असे कळविते. जबाबदारी टाळली जात आहे हे ओळखण्याची याहून खात्रीची खूण नाही. पहिले वाक्य सल्ल्याला आज्ञा बनविते, दुसरे आज्ञेला सल्ला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही गेले आणि पुणे शहराचा नदीकाठचा मोठा भाग वाहून गेला. विमोचकाचे काम पुरे झालेले नसतानाच जलाशय भरला होता. या घटनेची चौकशी न्या. व्ही. ए. नाईक यांच्या आयोगाने केली. येथे तिचा उल्लेख एवढ्यासाठीच, की बांधकामाची घाई व संकल्पनाचा संयम यांपैकी कोणी कोणास थांबवावयाचे हा प्रश्न त्यानंतर महाराष्ट्रात केवळ पुस्तकी राहिला नाही. तरी बांधून झालेल्या धरणांवर नजर ठेवणारी वेगळी संघटना येण्यास आणखी जवळजवळ दोन दशके लागली. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरण फुटून मोरवी शहर उद्ध्वस्त झाले. १९८० मध्ये नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना स्थापन करण्यात आली.

देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक भरते. ती सर्व नाशिकच्या मूठभर अधिकाऱ्यांनी दरवर्षी पाहणे शक्य नव्हते. म्हणून तपासणी कार्यकारी यंत्रणेनेच करावयाची, पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, ठरवून दिलेल्या प्रश्नावलीनुसार. आणि संघटनेने अहवाल छाननी करून काही धरणांची स्वतः तपासणी करावयाची, अशी पद्धत पडली. आढळलेल्या उणिवांचे तीन वर्ग केले जातात. धरण फुटण्याचा धोका ज्यांतून संभवतो त्या पहिल्या वर्गात, तातडीने दुरुस्ती लागणाऱ्या मोठ्या उणिवा दुसऱ्यात व वर्षभरात नेहमीच्या देखभालीत दूर करता येणाऱ्या किरकोळ उणिवा तिसऱ्यात येतात.

या पद्धतीचे बळ व मर्यादा दोन्ही पाझराच्या उदाहरणात दिसतात. समजा, मातीच्या एका धरणाच्या खालच्या अंगास पायथ्याशी ओल दिसते. मातीच्या धरणातून थोडा पाझर येणे स्वाभाविकच असते. आतील गाळणी थरांतून तो चरात व तेथून नाल्यात जावा अशी योजना केलेली असते. चिंता दोन गोष्टींची. पाणी गढूळ येत असेल, तर ते धरणाची माती बरोबर आणीत आहे. किंवा जलाशयाची पातळी तीच असता पाझर वाढत असेल, तर आतील मार्ग रुंदावत आहे. पाझर मोजण्यासाठी चरात काटकोनी त्रिकोणी खाच बसवितात व खाचेच्या तळापासून पाण्याची उंची वाचतात. ही उंची १० सेंमी. असता प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर असतो; १३ सेंमी. झाली की तो सुमारे ८.४ लिटर होतो. केवळ बोटाच्या दोन पेरांएवढ्या वाढीत पाझर जवळजवळ दुप्पट झालेला असतो. म्हणून मोजपट्टी अंदाजाने वाचणारा कर्मचारी आणि खाचेमागे साचलेला गाळ न काढणारी शाखा, एवढ्यानेच नाशिकला पोहोचलेला आकडा निरुपयोगी होऊ शकतो. मंत्रणा अभिकरणाचे ज्ञान कितीही मोठे असले, तरी त्याची दृष्टी कार्यकारी यंत्रणेच्या डोळ्यांवर अवलंबून असते.

वाढलेला पाझर दोन हंगामांच्या अहवालांत दिसला, तर छाननी करणारा अधिकारी मागील वर्षांचे आकडे त्याच जलाशय पातळीशी ताडून पाहतो व उणीव दुसऱ्या वर्गात टाकतो. उपायही बहुधा ठरलेला असतो : ओलीच्या जागी वाळू, खडी व दगड यांचा उलटा गाळणी थर आणि त्यावर वजनासाठी मुरमाचा भराव, म्हणजे पाणी बाहेर येईल पण माती आतच राहील. हे संघटनेने कळविल्यावर तिचे काम संपते. अंदाजपत्रक विभागाने करावयाचे, तांत्रिक मान्यता वरिष्ठांनी द्यावयाची, निधी देखभालीच्या अनुदानातून मिळावयाचा. आणि त्याच अनुदानावर कालव्यांच्या दुरुस्तीचाही हक्क असतो. फुटलेल्या कालव्याखालील शेतकरी त्याच आठवड्यात कार्यालयात येतो, पाझर मात्र कोणाकडे तक्रार घेऊन जात नाही. परिणामी तीच उणीव पुढील वर्षी, त्याच शब्दांत, पुन्हा अहवालात येते. सलग काही वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर पुनरावृत्त नोंदींवरून दुरुस्ती कोठे अडली हे कळते. या अहवालांचा खरा उपयोग तोच, असे म्हणण्यास हरकत नाही.

जोवर दुरुस्ती होत नाही तोवर जलाशय पूर्ण भरावा की नाही, हा निर्णय त्याहून नाजूक असतो. संघटना पातळी कमी ठेवण्याची शिफारस करू शकते. पण पाणी कमी साठविले तर उन्हाळी आवर्तन घटते, शहराचा वाटा कमी होतो, आणि याचे उत्तर मुख्य अभियंत्याला द्यावे लागते. शिफारस मानली व काहीच घडले नाही, तर ती अनाठायी होती असे लोक म्हणतात; न मानली व काही घडले, तर दोष कार्यकारी अभियंत्याचा. धोका ओळखण्याचे काम एकाचे व धोका पत्करण्याचे दुसऱ्याचे, असा हा विषम व्यवहार आहे.

या विषमतेला सेवाशर्तींचीही जोड मिळाली. नाशिकच्या संस्थांतील अभियंते वेगळ्या संवर्गाचे नसून कार्यकारी साखळीतील अभियंतेच बदलीने तेथे येतात. शासकीय बोलीत या जागांना अकार्यकारी पदे म्हणतात, आणि या नकारार्थी शब्दातच खात्याची मनोवृत्ती उमटली आहे. ठेके, वाहन, कर्मचारीवर्ग व लोकसंपर्क कार्यकारी पदाकडे असतो; ‘साइड’ला गेलेला अभियंता परत कधी जाऊ याची वाट पाहतो. बदल्यांविषयीच्या २००५ च्या राज्य अधिनियमाने एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरविला. पाझराचे आकडे वाचण्यात वा सांडव्याच्या संकल्पनात मुरण्यास तेवढा काळ अपुरा पडतो. उलट, विभागात घाम गाळलेला अधिकारी संकल्पचित्रासाठी बसतो तेव्हा न बांधता येणारे चित्र तो काढीत नाही, हा अदलाबदलीचा लाभ नाकारता येत नाही. दरखदारांसारखा कायम वर्ग असावा की फिरता, यावर खात्यातील मते अद्याप विभागलेली आहेत. प्रस्तुत लेखकास संकल्पन व सुरक्षितता या दोन कामांपुरता तरी दीर्घ मुदतीचा वर्ग इष्ट वाटतो.

सल्ल्याचे आज्ञेत रूपांतर होण्याचा शेवटचा टप्पा संसदेच्या धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ ने गाठला. १५ मी. हून उंच सर्व धरणे व काही अटींनुसार १० ते १५ मी. उंचीची धरणे त्याच्या कक्षेत येतात. पावसाळ्यापूर्वीची व नंतरची तपासणी, जी आजवर खात्याच्या परिपत्रकांवर चालत होती, ती धरणाच्या मालकावर कायद्याने बंधनकारक झाली. राज्य धरण सुरक्षितता संघटनेला मालकास निर्देश देण्याचा अधिकार मिळाला. ते पाळण्यास नकार देणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र अपराध ठरला. त्यामुळे जीवितहानी झाल्यास ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या धरणांच्या बाबतीत मालक म्हणजे जलसंपदा विभाग वा त्याची पाटबंधारे विकास महामंडळे. त्यामुळे निर्देश देणारा अधीक्षक अभियंता व तो घेणारा कार्यकारी अभियंता एकाच सेवेतील असतात, आणि पुढील बदलीत त्यांच्या जागा एकमेकांच्या बाजूस जाऊ शकतात. दुरुस्तीचा निधी आजही कार्यकारी साखळीतूनच येतो.